‘सुधारून द्या’ म्हणजे नेमका कुठे हात लावू?

प्रश्न: वडिलांवर लिहिलेली कविता खाली देतोय. कृपया सुधारून द्या.

बाबा उभे अंगणात
घालती कूलरात पाणी
वाळ्याचा ओला दरवळ
आठवे तुझी कहाणी

कूलर आहे अजुन
नळी तिथेच पडुन
ऊन आले दारावर
बाबा गेले निघुन

उत्तर:

कविता चार-पाच वेळा मोठ्यानं वाचली. मे महिन्यातल्या नागपूरच्या संध्याकाळी नळी हातात धरून वाळ्याच्या ताट्या भिजवणारे वडील आमच्याही घरी होते, त्यामुळे पहिल्याच ओळीला थांबलो. आता कामाचं बोलतो. तुमच्या ‘सुधारून द्या’मध्ये निदान चार वेगळी कामं दडलेली आहेत आणि त्यातलं एक केलं की दुसरं बिघडू शकतं. ते तुमच्याच ओळींवर दाखवतो.

सगळ्यात सोपं काम शुद्धलेखनाचं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असताना त्याच्या आधीचा उकार दीर्घ लिहायचा, म्हणून अजून, पडून, निघून. ही दुरुस्ती मी विचारल्याशिवाय करतो, कारण तुमची कविता अक्षरं मोजून लिहिलेली आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलल्यानं अक्षरांची संख्या बदलत नाही. हीच कविता लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेल्या गणवृत्तात असती तर मात्र थांबलो असतो. तिथे लघूचा गुरू झाला की चाल मोडते, आणि कवीनं मुद्दाम घेतलेली सूट आपण चूक समजून काढून टाकतो.

दुसरं काम छंदाचं. तुमचा कल उघड उघड अष्टाक्षरीकडे आहे. जोडाक्षर एकच धरून मोजा: ‘बाबा उभे अंगणात’ आठ, पण ‘घालती कूलरात पाणी’ नऊ आणि ‘वाळ्याचा ओला दरवळ’ही नऊ. वाचताना जीभ नेमकी याच दोन ठिकाणी घाई करते. दुसरी ओळ ‘कूलरला देती पाणी’ केली तर आठ होतात, आणि झाडाला किंवा गुराला पाणी द्यावं तशी माया त्यात येते. तिसरीला मी आधी ‘ओला वाळ्याचा सुवास’ लिहून पाहिलं. अक्षरं आठ भरली, पण ‘सुवास’ अत्तराच्या बाटलीवरचा शब्द आहे, भिजलेल्या ताटीचा नाही. मग ‘ओला वाळा दरवळे’ सुचलं. आठच अक्षरं, आणि तुमचा शब्दही जागेवर राहिला.

आता गंमत बघा. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळी बरोबर आठ-आठ आहेत आणि शेवटची, ‘बाबा गेले निघून’, सातच. नुसता छंद दुरुस्त करणारा माणूस इथे ‘बाबा गेलेत निघून’ करून मोकळा होईल. मी ते करणार नाही. सगळं कडवं आठच्या ठेक्यावर चाललेलं असताना याच ओळीला एक अक्षर कमी पडतं, आणि त्या रिकाम्या जागेत पाय अधांतरी राहतो. वडील गेले हे सांगणारी ओळ अपुरी असणं मला चूक वाटत नाही. पण हे तुम्ही ठरवून केलंय की मोजताना सुटलंय, ते तुम्हालाच माहीत. ‘सुधारून द्या’ या शब्दांतून ते कळत नाही.

तिसरं काम अर्थाचं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘बाबा उभे’, ‘घालती’ हे आदरार्थी आहे. चौथ्या ओळीत अचानक ‘तुझी’ येतं. हा ‘तू’ कोण? बाबाच असतील, तर तीन ओळी लांबून बघणारा मुलगा चौथ्या ओळीत एकदम जवळ येऊन एकेरीत बोलतो, आणि तसं असेल तर हीच कवितेतली सगळ्यात धीट जागा आहे. आई असेल तर ती कुठून आली हे वाचणाऱ्याला कळायला हवं. आणि नुसतं आठ अक्षरं भरायला आलं असेल तर काढायला हवं. तीन शक्यता, तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या. मी अंदाजानं एक निवडली तर उरलेल्या दोन मारल्या जातात.

‘कहाणी’चंही तसंच. तो शब्द ‘पाणी’ला यमक म्हणून आलाय असा माझा कयास आहे, कारण कुठली कहाणी ते कवितेत कुठेच नाही. मी तिथे ‘ओठांवर जुनी गाणी’ बसवू शकतो. आठ अक्षरं, चोख यमक, ऐकणारे मानही डोलावतील. पण तुमचे वडील गात होते का? कदाचित ते पाण्याच्या बिलावरून कुरकुरत असतील, कदाचित एक शब्दही बोलत नसतील. मी घातलेली गाणी कुणाच्याही वडिलांची असू शकतात, आणि तुमचे वडील कवितेतून निघून जातात. ही ओळ तुम्हीच लिहायची आहे, आधी हे आठवून की पाणी टाकताना ते नेमकं काय करत होते.

चौथं काम म्हणजे बोली आणि प्रसंग. याबाबतीत मी एकदा फार चुकलो आहे. पूर्वी नागपूरच्या धंतोलीत एका घरी आम्ही काही जण महिन्यातून एकदा कविता वाचायला जमायचो. एका बाईंनी आपल्या आईवरची वऱ्हाडी कविता दिली आणि असंच म्हणाल्या, सुधारून द्या. मी ‘माय’चं ‘आई’ केलं, ‘सांजच्याला’चं ‘सायंकाळी’ केलं, सगळं प्रमाण मराठीत आणून दिलं. त्यांनी ती कविता पुन्हा कधीच वाचली नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आता ती माझ्या मायची नाही राहिली.” त्यांना हव्या होत्या फक्त दोन अडखळणाऱ्या ओळी सरळ करून. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तेव्हापासून आधी विचारतो.

तुमच्या कवितेत ‘घालती’ आहे. आपण नागपुरात कूलरमध्ये पाणी ‘टाकतो’. घरी वर्षश्राद्धाला भावंडांसमोर वाचायची असेल तर घरातला शब्द आणा, अक्षराचं नंतर बघू. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर संपादक आधी ‘कहाणी’वर बोट ठेवील, म्हणून तिथपासून सुरुवात करू.

म्हणून पुढच्या वेळी कवितेखाली साधारण असं लिहा: “अष्टाक्षरीत लिहायचा प्रयत्न आहे. घरी वाचायची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीला अडखळतो. चौथी मला स्वतःलाच पटत नाही. शेवटच्या ओळीला हात लावू नका.” अडखळण्याची जागा शोधायला कविता कुणा दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला सांगा. आपण स्वतः वाचताना जास्तीचं अक्षर नकळत गिळतो, दुसरा तिथे थांबतो. आणि हात लावू नये अशी ओळ जरूर सांगा. ती कुठली हे ठरवताना बाकीच्या ओळी कशासाठी आहेत तेही तुमचं तुम्हाला उमगत जातं. माझ्यापुरतं विचाराल तर तुमच्या कवितेत मी ‘नळी तिथेच पडून’ या ओळीला कुणाला हात लावू देणार नाही.

शुद्धलेखन आणि दुसरी-तिसरी ओळ एवढंच वर करून दिलंय. बाकीचं अडलंय दोन गोष्टींवर: ‘तुझी’ म्हणजे कुणाची, आणि शेवटची ओळ सात अक्षरांची मुद्दाम ठेवली आहे का. तेवढं लिहा. चौथी ओळ सुचली तर तीही पाठवा, मग पहिलं कडवं पुन्हा मोजून बघू.