कलम ९ चे समन्स आले आहे. हजर राहिले नाही तर काय होते?

प्रश्न: «माझी बहीण दीड वर्षापासून आमच्याकडे नाशिकला आहे. सासर बोरिवलीचे. मारहाण आणि पैशांची मागणी होती, पण आम्ही पोलिसांत तक्रार केली नाही. आता नवऱ्याने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात कलम ९ खाली अर्ज केला असून समन्स आले आहे. तिला परत जायचे नाही. नातेवाईक म्हणतात, कोर्ट काही हाताला धरून नांदायला पाठवत नाही, तारखेला जाऊच नका. हे बरोबर आहे का?»

उत्तर:

नातेवाइकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरा धोका आहे. न्यायालय कोणालाही हाताला धरून सासरी पाठवू शकत नाही, हे खरे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली होणारा दाम्पत्य हक्कांच्या पुनर्स्थापनेचा, म्हणजे पुन्हा एकत्र नांदण्याचा, हुकूमनामा पाळला गेला नाही, तर दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, फार तर न पाळणाऱ्याच्या मालमत्तेची जप्ती मागता येते. तुरुंगाची तरतूद या हुकूमनाम्यापुरती कधीच गेली. (१८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला होता. नातेवाइकांच्या मनातील भीती आणि तिच्यावरचा त्यांचा दिलासा, दोन्ही त्या काळाचे आहेत.) प्रत्यक्षात जप्तीची दरखास्त क्वचितच पुढे रेटली जाते, कारण हुकूमनामा घेणाऱ्याला बहुतेक वेळा बायको नको असते, हुकूमनाम्याची तारीख हवी असते.

ती तारीख कशासाठी, ते त्याच कायद्याच्या कलम १३(१अ) मध्ये आहे. हुकूमनामा झाल्यापासून एक वर्ष किंवा अधिक काळ पतिपत्नींमध्ये सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही तेवढ्या एकाच कारणावर घटस्फोट मागू शकतो. मुळात हा काळ दोन वर्षांचा होता, १९७६ च्या दुरुस्तीने तो एक वर्ष झाला. आता आपल्या मेहुण्यांच्या वकिलाच्या जागी बसून पाहा. परित्यागावर थेट घटस्फोट मागायचा, तर अर्जापूर्वी सलग दोन वर्षे उलटलेली असावी लागतात आणि पत्नी कायमचे सोडून जाण्याच्या इराद्यानेच गेली, हे नवऱ्याला सिद्ध करावे लागते. आपली बहीण निघून दीडच वर्ष झाले आहे. कलम ९ ला असा कोणताही कालावधी लागत नाही. शिवाय, वाजवी कारणाने वेगळे राहतो हे सिद्ध करण्याचा भार वेगळे राहणाऱ्यावर आहे, म्हणजे इथे बहिणीवर. ती हजरच झाली नाही, तर तो भार उचलणारे कोणी राहत नाही; नवऱ्याचे प्रतिज्ञापत्र उलटतपासणीविना वाचले जाते आणि एकतर्फी हुकूमनामा होतो.

समजा, असा हुकूमनामा १० जुलै २०२५ रोजी झाला. १० जुलै २०२६ नंतर घटस्फोटाचा अर्ज येईल, आणि त्यात मारहाण झाली का, पैसे कोणी मागितले, हे विषय जवळपास बंद झालेले असतील. तिने वाजवी कारणाशिवाय घर सोडले, हा निष्कर्ष पहिल्या निकालातच नोंदला गेलेला असेल आणि दुसऱ्या दाव्यात तो तिच्यावर बंधनकारक मानला जाईल. त्या वेळी ऐकण्यासारखा प्रश्न एकच उरेल: वर्षभरात सहवास झाला का? बहिणीला घटस्फोटच हवा असला, तरी तो असा, तिच्या अंगावर दोष ठेवून झालेला घेण्याचे कारण नाही.

हुकूमनामा पाळला नाही म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळू नये, कारण तो स्वतःच्या चुकीचा फायदा घेतो आहे, असा बचाव अनेकांना सुचतो. कलम २३ मध्ये तसे तत्त्व आहेही. पण केवळ न पाळणे ही त्या अर्थाची चूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये धर्मेंद्रकुमार विरुद्ध उषाकुमार या प्रकरणात सांगितले आणि १९८४ च्या सरोज राणी प्रकरणात तेच कायम केले. हे दुसरे प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखे आहे. तिथे कलम ९ चा अर्ज पत्नीने केला होता. नवऱ्याने संमती दिली, हुकूमनामा झाला, आणि वर्ष उलटताच त्याच हुकूमनाम्याच्या आधारे नवऱ्यानेच घटस्फोट मागितला व त्याला तो मिळाला. त्याच निकालात कलम ९ घटनात्मकदृष्ट्या वैधही ठरवले गेले. म्हणून «आपणच आधी कलम ९ टाकू» असा सल्ला कोणी दिला, तर तोही जपून घ्यावा.

आता बचावाबद्दल. आपल्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट अशी की «वाजवी कारण» हे घटस्फोटाच्या कारणाइतके गंभीर असावे लागत नाही. १९७६ पूर्वी कलम ९ मध्ये एक पोटकलम होते, ज्यामुळे बचाव वैवाहिक अपराधांपुरताच मर्यादित राहत असे. ते वगळले गेले. त्यामुळे जी वागणूक क्रूरता म्हणून घटस्फोटाला कदाचित पुरणार नाही, ती वेगळे राहण्याला पुरू शकते. पोलिसांत तक्रार नाही म्हणून हातपाय गाळू नका. त्या काळातले डॉक्टरांचे कागद, बहिणीने आईला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, मागणीनंतर आपण बँकेतून पाठवलेली रक्कम, तिला आणायला कोण गेले होते आणि त्यांनी काय पाहिले, हा सगळा पुरावाच आहे. ज्या फोनवर संदेश आहेत तो फोन विकू नका आणि त्याची मेमरी पुसू नका, कारण छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हातात असला की ते सोपे जाते.

दुसरा बचाव, जो माझ्या मते बरेच जण हातचा घालवतात, तो अर्जाच्या प्रामाणिकपणाचा. न्यायालयाला अर्जातील कथने खरी असल्याची खात्री पटावी लागते आणि नांदवण्याची खरी इच्छा हे त्यातले मुख्य कथन असते. «अर्जदार आजही तिला नांदवण्यास तयार व राजी आहे» हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे त्याला स्वतःचे वजन काहीच नाही. अर्जाची प्रत हाती आली की तो परिच्छेद सोडून बाकीचे वाचा. त्याच अर्जात तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले असतील, तर अशा बाईला परत का बोलावता, हा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. दीड वर्षात त्यांनी एकदा तरी फोन केला का, नाशिकला आले का, एक रुपया पाठवला का, हे विचारता येते. ती आली तर कोणत्या घरात, कोणत्या खोलीत, कोणासोबत राहील, हा साधा प्रश्न तर जरूर विचारावा. वरवरचा अर्ज करणाऱ्याची इथे हमखास गडबड होते. अर्ज आपल्या पोटगीच्या नोटिशीनंतर लगेच आला असेल, तर दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडा.

तिसरे, तिला हाकलून दिले असेल, तर ती «सहवासातून निघून गेली» हे मूळ विधानच खोटे पडते. हा मुद्दा वाजवी कारणापासून वेगळा आहे आणि कैफियतीत, म्हणजे अर्जाला द्यायच्या लेखी उत्तरात, वेगळाच लिहावा.

कामाच्या पायऱ्या म्हणाल तर फार नाहीत. समन्सवरच्या तारखेला बहिणीने हजर व्हावे आणि लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा. मुदतवाढ मिळते, पण ती गृहीत धरू नये. वकील नेमण्यासाठी कुटुंब न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ती नेहमीच्या कामकाजात दिली जाते. कैफियतीसोबतच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याच्या खर्चाचा अर्ज द्यावा, त्यात नाशिक ते वांद्रे येण्याजाण्याचा खर्चही मागता येतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नांदवायला उत्सुक असलेल्या अर्जदाराचा उत्साह या प्रतिज्ञापत्राच्या टप्प्यावर ओसरलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. प्रवास खरोखरच झेपत नसेल, तर दावा नाशिकला वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली अर्ज करता येतो. आणि तिलाच वेगळे व्हायचे असेल, तर कलम २३अ प्रमाणे याच दाव्यात क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा प्रतिदावा करता येतो. आपण लिहिल्याप्रमाणे तिला परत जायचे नसेल, तर माझा कल याच मार्गाकडे आहे.

कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकांपुढे मात्र एक काळजी घ्या. तिथे समजुतीच्या भरात «ठीक आहे, येते नांदायला» असे लिहून देण्याचा आग्रह घरचेच लोक करतात. तसा लेख संमतीच्या अटी म्हणून दाखल झाला आणि त्यावर कलम ९ चा हुकूमनामा झाला, तर वर्ष मोजणे सुरू होते. संमतीचा हुकूमनामा म्हणून त्याचे बळ कमी होत नाही, हे सरोज राणी प्रकरणातच ठरले आहे. मनात जायचे नसेल, तर सही करू नये. उलट, एखाद्या बाईला खरोखरच परत जायचे असेल, तर तिने जाण्याचा दिवस नोंदणीकृत पत्राने आधी कळवावा, दोन माणसे सोबत न्यावीत, आणि दार उघडले नाही तर त्याच आठवड्यात न्यायालयात तसा अर्ज नोंदवावा. हुकूमनामा घेऊन वर कुलूप बदलणारा नवरा नुसते न पाळण्याच्या पलीकडे गेलेला असतो, आणि कलम २३ चा बचाव तिथे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

दुर्दैवाने एकतर्फी हुकूमनामा आधीच झालेला निघाला, तर तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हे ३० दिवस माहिती झाल्यापासून मोजतात. आपल्याकडे समन्स पोचलेले आहे, त्यामुळे ही दुसरी सवलत आपल्याला मिळणार नाही.

पोटगीबद्दल आपण विचारले नाही, पण कलम ९ च्या अर्जामागे तो हिशेब असतोच. हुकूमनामा झाला आणि पत्नी गेली नाही, म्हणून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही. रीना कुमारी विरुद्ध दिनेशकुमार महतो या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केले असून, तिच्याकडे न जाण्याचे पुरेसे कारण होते का, हे प्रत्येक प्रकरणातील पुराव्यावरून पाहावे, असे म्हटले आहे. पोटगीचे, फौजदारी प्रक्रिया संहितेतील पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. तो अर्ज, तसेच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, ती राहते तिथे म्हणजे नाशिकलाच करता येतो, आणि वांद्र्याचा दावा चालू आहे म्हणून त्यासाठी थांबण्याची गरज नाही.