तेल महागलं की आखाती देश सोनं घेतात का?

प्रश्न: तेलाचे भाव चढले की आखाती देशांकडे पैसा येतो आणि ते सोनं घेतात, म्हणून सोनंही चढतं असं ऐकलं. खरं आहे का? आणि तेल पडलं की तेच देश सोनं विकायला काढतात का?

उत्तर:

आखाताबद्दल बोलायचं तर बहुतेक वेळा नाही. तेलातून डॉलर येतात आणि त्यातले बरेचसे अमेरिकी सरकारी रोखे, बँकांतल्या ठेवी किंवा सरकारी निधीमार्फत घेतलेले शेअर यांत जातात. 2014 नंतर तेल कोसळलं, 2020 मध्ये पुन्हा कोसळलं, 2022 मध्ये शंभर डॉलरच्या वर गेलं. या सगळ्या काळात सौदीच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं 323 टनांच्या आसपासच राहिलं. कतारने 2022 मध्ये सोनं घेतलं, पण ते अपवादच. नॉर्वेने तर 2004 मध्ये जवळपास सगळं सोनं विकून टाकलं आणि प्रदर्शनापुरत्या सात विटा ठेवल्या.

तेलाचा आणि सोन्याचा संबंध खरा कळतो तो रशियाकडे बघून, कारण तिथे तेलासोबत सोन्याच्याही खाणी आहेत. वर्षाला साधारण 300 टन सोनं निघतं. 2020 पर्यंत खाणवाले ते व्यापारी बँकांना विकत, बँका ते मध्यवर्ती बँकेला देत आणि मध्यवर्ती बँक पैसे मोजत असे ते रुबलमध्ये. म्हणजे या खरेदीत तेलाचा एक डॉलरही जात नव्हता. लोकांच्या नजरेतून सुटतं ते नेमकं हेच.

त्यामुळे 2014-15 मध्ये जे झालं ते उलटं वाटतं, पण तसं ते नाही. तेल शंभरावरून पन्नासाखाली आलं, रुबल गडगडला, परकीय चलनाचा साठा आटला, आणि रशियाने सोन्याची खरेदी वाढवली! 2015 मध्ये 200 टनांहून जास्त. क्रिमिया ताब्यात घेतल्यावर रशियावर निर्बंध आले होते, पाश्चिमात्य बाजारातून कर्ज मिळणं अवघड झालं होतं. अशा वेळी घरच्याच खाणीतलं सोनं रुबल देऊन साठ्यात घालणं हा डॉलर न खर्चता साठा वाढवायचा उपाय होता.

पुढे 2017-18 मध्ये तेल सावरलं. तिथल्या अर्थसंकल्पाचा तेव्हाचा नियम असा होता, की तेल बॅरलला साधारण 40 डॉलरच्या वर गेलं की त्यावरचा जादा महसूल परकीय चलन घेऊन बाजूला ठेवायचा. तेल सत्तरीत असताना बॅरलमागे जवळपास 30 डॉलरचा भाग या हिशेबात येत होता. चलनाचा साठा त्यातून आपसूक भरत होता, आणि सोन्याची रुबलमधली खरेदी बाजूने चालूच होती. 2018 मध्ये ती 274 टनांवर गेली.

मग आला मार्च 2020. तेल त्या ठरलेल्या किमतीच्या खाली गेलं, तसा नियम उलटा फिरला आणि मध्यवर्ती बँक परकीय चलन विकू लागली. त्याच महिन्याच्या शेवटी तिने जाहीर केलं, की 1 एप्रिलपासून सोनं घेणं बंद. यावेळी साठ्यात सोनं आधीच भरपूर होतं, भावही चढा होता, आणि देशाला हवे होते डॉलर. बँक घेत नाही म्हटल्यावर खाणीतलं सोनं बाहेर, मुख्यतः लंडनला जाऊ लागलं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये रशियाला नैसर्गिक वायूपेक्षा सोन्याच्या निर्यातीतून जास्त पैसे मिळाले. लक्षात घ्या, साठ्यातलं सोनं विकलं नव्हतं. फक्त घेणं थांबलं होतं, तरी जगाच्या बाजारात सोन्याचा पुरवठा वाढला.

आणि भाव? तो पडला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये सोनं औंसाला 2,000 डॉलरच्या वर गेलं, कारण पाश्चिमात्य गुंतवणूकदार गोल्ड ईटीएफमध्ये पैसे ओतत होते. तेलवाल्या देशांची मागणी मोठी असली तरी भाव ठरवायला ती एकटी पुरत नाही.

साठ्यातलं सोनं खरंच विकायची वेळ आली ती व्हेनेझुएलावर. निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून जास्त डॉलर तेलातून, हाताशी दुसरी गंगाजळी फारशी नाही, आणि साठ्याचा मोठा हिस्सा सोन्यातच. तेल पडल्यावर कर्जाचे हप्ते भागवायला सोनं तारण ठेवणं आणि विकणं सुरू झालं. 2015 च्या सुरुवातीला साधारण 360 टन होतं, ते 2016 संपेपर्यंत 190 टनांच्या आत आलं.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर साठ्यातल्या सोन्याचं डॉलरमधलं मूल्य बघू नका. भाव चढला की ते आपोआप फुगतं आणि ‘अमुक देशाने सोनं घेतलं’ अशा बातम्या येतात. औंसांचा किंवा टनांचा आकडा बघा. तोही कधी कधी फसवतो. 2010 मध्ये सौदीचा आकडा एकदम 143 टनांवरून 323 टनांवर गेला, तेव्हा मीही ती खरेदीच समजलो होतो. नंतर कळलं, की सोनं आधीपासूनच होतं, फक्त हिशेबात दुसऱ्या खात्यातून इकडे दाखवलं होतं.