बकेटला स्वतःचा अर्थच नाही, तिथेच पॅसिव्ह अडतो

प्रश्न: 'किक द बकेट' म्हणजे मरणे. मग 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' का चालत नाही? आणि बकेटऐवजी 'पेल' म्हटलं तर काय बिघडतं, तीही बादलीच ना?

उत्तर:

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि बरेचदा नेमकी इथेच गल्लत होते. शब्द बदलता न येणं ही जवळजवळ सगळ्याच वाक्प्रचारांची गत आहे. पॅसिव्ह न होणं मात्र काहींचीच.

आधी 'स्पिल द बीन्स' बघा. शब्दशः घेवड्याच्या बिया सांडणे, वाक्प्रचार म्हणून गुपित फोडणे. बीन्सच्या जागी 'पीज' म्हणजे वाटाणे घातले तर अर्थ गेलाच, उरले फक्त जमिनीवरचे वाटाणे. म्हणजे शब्द बदलण्याच्या बाबतीत हा वाक्प्रचार 'किक द बकेट'इतकाच हट्टी आहे. पण 'द बीन्स वर स्पिल्ड' हे चांगलं चालतं आणि 'गुपित फुटलं' हाच अर्थ राहतो. शब्द बदलत नाही म्हणून पॅसिव्हही होत नाही, असं असतं तर हे वाक्य बिघडायला हवं होतं. ते बिघडत नाही, म्हणून दोन कारणं वेगळी धरायची.

हेच मराठीत पडताळून बघणं सोपं जाईल. 'खापर फोडणे' घ्या. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, पण वाक्प्रचारात खापर म्हणजे दोष आणि फोडणे म्हणजे तो कोणाच्या तरी माथी मारणे. अर्थाचे दोन तुकडे शब्दांच्या दोन तुकड्यांवर नीट बसतात. म्हणून वर्तमानपत्रात 'पराभवाचं खापर गोलंदाजांवर फोडण्यात आलं' असं सहज येतं. 'सगळं खापर' म्हणता येतं, 'अर्धं खापर' म्हणता येतं, कशाचं खापर तेही सांगता येतं. सर्वनामही लावता येतं: 'खापर फोडायचंच होतं, तर ते माझ्यावर का?' इथलं 'ते' म्हणजे दोष.

आता 'राम म्हणणे'. 'म्हाताऱ्याने काल राम म्हटला' म्हणजे म्हातारा गेला. 'काल राम म्हणण्यात आला' असं केलंत की मरण गायब होतं आणि कुठेतरी नामस्मरण झालं असं वाटतं. 'मोठा राम म्हटला' नाही, 'अर्धा राम म्हटला' नाही. 'म्हाताऱ्याने राम म्हटला आणि महिन्याभरात म्हातारीनेही तो म्हटला' हे ऐकताच कान अडखळतो, कारण 'तो' कोणाला उद्देशून आहे ते कळत नाही. या रामाचा अर्थ मरणाच्या कुठल्याच भागाला चिकटलेला नाही. मरण आहे ते सगळं मिळून, 'राम म्हणणे' या जोडीला.

गंमत अशी की 'त्या धंद्यात आता राम उरला नाही' म्हणतो तेव्हा तोच शब्द अर्थ घेऊन येतो. तिथे राम म्हणजे तथ्य, दम. म्हणून 'कितीसा राम उरलाय त्यात?' असं विचारता येतं. शब्द एकच, पण एका वाक्प्रचारात भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा. 'किक द बकेट'मधली बकेट ही 'राम म्हटला'मधल्या रामासारखी रिकामी आहे.

जेफ्री ननबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वॅसो या भाषाशास्त्रज्ञांनी 1994 साली हा फरक नीट मांडला. वाक्याचा अर्थ त्यातल्या शब्दांच्या अर्थांतून आणि त्यांच्या जोडणीतून तयार होतो, या तत्त्वाला कंपोझिशनॅलिटी म्हणतात आणि ते सहसा फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितलं जातं. वाक्प्रचार हे तत्त्व सरसकट मोडतात असा समज होता. या तिघांचं म्हणणं असं की बरेच वाक्प्रचार ते मोडत नाहीत, फक्त त्यांतल्या शब्दांचे अर्थ नेहमीचे नसून ठरवून दिलेले असतात. बीन्स म्हणजे गुपित, स्पिल म्हणजे उघड करणे, हे एकदा मान्य केलं की पुढची बेरीज नेहमीसारखीच होते. बकेटच्या बाबतीत मात्र वाटून द्यायला काही नसतंच. मरणे या क्रियेत एकच जण असतो, मरणारा. तो वाक्याचा कर्ता झाला. कर्माच्या वाट्याला काय द्यायचं?

आता पॅसिव्ह का अडतो ते बघू. इंग्रजीत पॅसिव्ह केला की कर्म उचलून वाक्याच्या तोंडाशी येतं आणि बोलण्याचा विषय बनतं. 'द बीन्स वर स्पिल्ड' म्हटलं की ऐकणारा विचारतो, बीन्स म्हणजे काय? उत्तर मिळतं, ते गुपित. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की तोही तेच विचारतो, कुठली बकेट? वाक्प्रचारात या प्रश्नाला उत्तर नाही. मग मन एकच वाट धरतं, खरीखुरी बादली आणि तिला बसलेली लाथ. वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही हे लक्षात घ्या. ते शब्दशः अर्थाने अगदी बरोबर आहे, फक्त त्यातून मरण हरवलं. एरवीही 'डाय'चा पॅसिव्ह इंग्रजीत होत नाही, कारण बढती द्यायला कर्मच नसतं.

याचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. दहा माणसं मेली तरी इंग्रजीत 'दे ऑल किक्ड द बकेट' असंच म्हणतात, दहा जणांत मिळून एकच बकेट. तिचं 'बकेट्स' केलं की खऱ्या बादल्या दिसायला लागतात. मराठीतही दोघांनी मिळून 'राम म्हटले' असं होत नाही. 'मान टाकणे' मात्र वेगळं वागतं: पाऊस लांबला की 'पिकांनी माना टाकल्या' म्हणतो, अनेकवचनासकट. तिथे वाकलेल्या शेंड्यांचं चित्र अजून डोळ्यांसमोर असतं, मान अगदीच रिकामी झालेली नाही. भरलेला आणि रिकामा या दोन टोकांमध्ये असे बरेच वाक्प्रचार मधे लटकलेले असतात.

शब्द का बदलत नाही याचं कारण साधं आहे. वाक्प्रचार अर्थावरून नाही, रूपावरून लक्षात ठेवलेला असतो. पेल आणि बकेट यांचा बादली हा अर्थ सारखा आहे, पण वाक्प्रचार त्या अर्थावर उभाच नाही, तर त्या सारखेपणाचा उपयोग काय? 'खापर'च्या जागी 'मडकं' घालून बघा, तेच होईल. कधीकधी शब्द बदलल्यासारखा वाटतो, जसं इंग्रजीत 'हिट द हे' आणि 'हिट द सॅक', दोन्हींचा अर्थ झोपायला जाणे. किंवा आपल्याकडे 'कान भरणे' आणि 'कान फुंकणे'. पण ही अदलाबदल नाही, दोन्ही रूपं वेगवेगळी पाठ आहेत. यावरून 'कान ओतणे' तयार करता येत नाही.

म्हणून 'किक द बकेट' हा मंत्रासारखा एकसंध दगड आहे असं समजू नका. आत वाक्याचा सांगाडा शाबूत आहे. किकचं 'किक्ड' होतं, 'विल किक' होतं. किक ही क्षणात होणारी क्रिया आहे आणि तो क्षणिकपणाही टिकतो. 'ही वॉज डाइंग फॉर थ्री वीक्स', तीन आठवडे मरणाच्या दारात होता, हे चालतं. तिथे 'किकिंग द बकेट' घातलं की बिघडतं. अर्थ 'डाय'चा, पण चाल 'किक'ची. मराठीत हे आणखी ठळक दिसतं: 'म्हातारा वारला' पण 'म्हाताऱ्याने राम म्हटला'. अर्थ अकर्मक असूनही कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद रामाप्रमाणे चालतं. 'मान टाकली'त ते मानेप्रमाणे स्त्रीलिंगी होतं. (शाळेच्या व्याकरणात 'त्याने राम म्हटला' हाच कर्मणी प्रयोग आहे, हे खरं. पण त्यात करणारा बाजूला पडत नाही. इंग्रजी पॅसिव्हशी तुलना करायची तर '-ण्यात आला' किंवा 'म्हटला गेला' हे रूप घ्यावं.)

विशेषणाची परीक्षाही इथे लावावी, पण जपून. 'ही किक्ड द प्रोव्हर्बियल बकेट' सर्रास ऐकू येतं. वरवर पाहता बकेटला विशेषण लागलंय, पण अर्थ 'म्हणतात तसा तो मेला' असा होतो. विशेषण बकेटबद्दल काही सांगत नाही, सगळ्या वाक्याबद्दल सांगतं. 'निळी' किंवा 'मोठी' बकेट करून बघा, लगेच फरक कळेल. विशेषण लागलं एवढ्यावरून शब्दाला अर्थ आहे असं ठरवलंत तर इथे फसाल. ते विशेषण नेमकं कोणाबद्दल बोलतंय ते बघायला हवं.

ही मांडणी इंग्रजीपुरती छान बसते, सगळ्या भाषांना तशीच लावता येत नाही. जर्मनमध्ये मरण्यासाठी 'चमचा परत देणे' असा वाक्प्रचार आहे. तिथला चमचाही बकेटइतकाच रिकामा, तरी त्याचा पॅसिव्ह होतो. कारण जर्मन पॅसिव्हला कर्माला पुढे आणण्याची सक्ती नाही. 'नाचणे'सारख्या अकर्मक क्रियापदाचाही तिथे पॅसिव्ह होतो आणि अर्थ निघतो 'इथे नाचणं चालू होतं'. म्हणजे अडचण नुसती वाक्प्रचारात नसते. त्या भाषेतला पॅसिव्ह कर्माकडून काय मागतो, यावर निम्मं अवलंबून असतं.

बकेट आली कुठून असंही लोक विचारतात. फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785 च्या बोलीभाषेच्या कोशात हा वाक्प्रचार सापडतो. कापलेलं डुक्कर ज्या लाकडी दांडीला टांगत तिला बकेट म्हणत, अशी एक उपपत्ती सांगतात, पण खात्रीचं मूळ ठरलेलं नाही. उद्या ते ठरलं तरी पॅसिव्ह चालायला लागणार नाही, कारण आज बोलणाऱ्याच्या डोक्यात ती दांडी नसते.

इंग्रजी मथळ्यांत किंवा विनोदात तुम्हाला 'बकेट किक्ड' झालेली दिसेल. तिला नियमाविरुद्धचा पुरावा धरण्याआधी आजूबाजूचा मजकूर वाचा. लिहिणाऱ्याने तिथे बहुधा मुद्दाम खरी बादली आणि मरण दोन्ही एकदम दाखवलेलं असतं, आणि वाचणारा हसतो ते बादली दिसली म्हणूनच.