कागदावरचा 1 जून

ताई, सोलापुरात माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. चादरीचा कारखाना असलेले एक अण्णा आठ वर्षं माझ्याकडे येतात. माझे बाबा आजारी होते तेव्हा त्यांनी रोज फोन करून चौकशी केली. पॅनकार्डावर त्यांचा वाढदिवस 1 जून आहे. गेल्या वर्षी मी ऑफिसच्या लोगोचं, केकचं चित्र पाठवलं, खाली ‘रिटर्नची मुदत विसरू नका’. उत्तरात नुसते जोडलेले हात आले. यंदा काय लिहू?

भाऊ, आधी ती तारीख तपासा. अण्णांच्या वयाच्या कितीतरी माणसांचा 1 जून हा मास्तरांनी लावलेला वाढदिवस असतो. जन्माची नोंद नसायची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तेव्हा मुलाचं वय भरावं म्हणून नाव घालताना हीच तारीख पडायची. माझ्या वडिलांचीही तीच. आजी मात्र सांगायची, ‘हा गड्ड्याच्या जत्रेत झाला.’ म्हणजे जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास. दर 1 जूनला बँकेचा मेसेज आला की ते न वाचता फोन उपडा ठेवायचे. जोडलेल्या हातांमागे तेच असेल असं मी म्हणत नाही. ती मुदतीची ओळही पुरेशी होती. आपल्या फायलीतून तारीख उचलली आणि वर कामाची आठवण केली, एवढं माणसाला लगेच कळतं.

तेव्हा अण्णा पुढच्या वेळी आले की सही झाल्यावर, चहा घेताना सहज विचारा, ‘अण्णा, 1 जून खरा की शाळेतला?’ बहुतेक एखादी गोष्टच ऐकायला मिळेल. खरा दिवस कळला तर तोच धरा. 1 जूनच खरा निघाला तर उत्तमच.

मेसेज ऑफिसच्या नंबरवरून नको, तुमच्या स्वतःच्या नंबरवरून पाठवा, सकाळी आठ-नऊला. चित्र, लोगो, ‘आमचे सन्माननीय ग्राहक’ काही नको. एवढंच लिहा:

‘अण्णा, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. बाबा दवाखान्यात होते तेव्हा रोज तुमचा फोन यायचा, घरात अजून सगळे त्याची आठवण काढतात. बाबा आता रोज सकाळी कंबर तलावावर फिरायला जातात. त्यांनीही नमस्कार सांगितलाय.’

शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच ठेवा. बाबा अजून घरातच असतील तर तसं लिहा, आणि नमस्कार आधी त्यांना विचारूनच घाला. खाली नुसतं तुमचं नाव, ऑफिसचं नको. ‘तुमच्या विश्वासाबद्दल आभार’ हे वाक्य हातून लिहिलं जाईल, ते खोडा. ते बिलाखाली शोभतं.

रिटर्नची आठवण आठवडाभरानं, ऑफिसच्या नंबरवरून द्या. वाढदिवसाच्या दिवशीच अण्णांचा फोन आला आणि त्यांनीच कागदपत्रांचा विषय काढला, तर ‘उद्या बघू अण्णा’ म्हणा आणि फोन बाबांच्या हातात द्या.