रेप्रेझेंटेशन लेटर: कुठे चालतं, कुठे नाही

एसए ५८० या ऑडिटच्या मानकानुसार या पत्रात कंपनीचं व्यवस्थापन ऑडिटरला लिहून देतं की आर्थिक विवरणपत्रांची जबाबदारी आमची, सगळी माहिती तुम्हाला दिली आणि सगळे व्यवहार नोंदवले. पण हा पुरावा एकट्यानं पुरेसा नसतो, कारण ज्याचे आकडे तपासायचे, त्याचाच हा शब्द असतो.

समजा, ग्राहकाकडून येणं असलेल्या ४० लाखांच्या जुन्या रकमेबद्दल "वसूल होईल" असं पत्रात आहे. तरी ग्राहकाकडून थेट बॅलन्स कन्फर्मेशन मागवा आणि वर्षअखेरीनंतरच्या बँक स्टेटमेंटमध्ये जमा शोधा. काहीच आलं नसेल, तर बुडीत रकमेसाठीच्या तरतुदीचा प्रश्न पत्रानं मिटत नाही. गुंतवणूक दीर्घकाळ ठेवण्याच्या हेतूसाठी मात्र पत्र लागतंच. सोबत बोर्डाचा ठरावही पाहा.

नवशिक्यांची नेहमीची चूक तारखेची: पत्र ऑडिट रिपोर्टच्या तारखेच्या शक्य तितकं जवळचं हवं, नंतरचं कधीच नको.