जेट्टीच्या रिपोर्टमधला हिरवा रंग

पहिलाच स्टेटस रिपोर्ट आहे ना? मग एकच सवय लावून घ्या: कामाचा रंग, म्हणजे वेळेत असेल तर हिरवा, धोका दिसला तर पिवळा, वेळ हुकणार असेल तर लाल, हा अंदाजाने देऊ नका, उरलेल्या कामाला लागणारा वेग काढून द्या.

रत्नागिरीकडची छोटी जेट्टी धरा. समुद्रतळात रोवायच्या खांबांच्या ४८ पाइल्स, डिसेंबर ते मे, म्हणजे महिन्याला ८. फेब्रुवारीअखेर २४ हव्यात, झाल्यात १८. इथे नवखा माणूस 'भरून काढू' म्हणत हिरवा देतो. पण उरलेल्या ३० साठी महिन्याला १० लागतात आणि आपला वेग आहे ६. याच वेगाने मेअखेर ३६ होतील. जूनमध्ये समुद्र खवळला की बार्ज लावता येत नाही, म्हणजे १२ पाइल्स थेट पावसाळ्यानंतर. हा सरळ लाल आहे.

पिवळा जानेवारीअखेरच द्यायला हवा होता. तेव्हा १६ च्या जागी १२ झाल्या होत्या आणि पाइल्स रोवणारी दुसरी रिग मागवायला वेळ होता.

सुरुवातीच्या दोन चुका टाळा:

- उपायाशिवाय पिवळा. काय करणार, कोण, कधीपर्यंत हे लिहा; ती तारीख हुकली की लाल, चर्चा नाही.
- निकष नंतर ठरवणं. ते काम सुरू होण्याआधीच साहेबांकडून मान्य करून घ्या.

कुणी 'जरा हिरवा करा' म्हणालं, तर रंगाशेजारी १८/२४ हा आकडा तसाच राहू द्या.