एक्सपायरीच्या आठवड्यातला 'लाँग बिल्डअप'

प्रश्न: एफडीचे ४ लाख रुपये हातात आले आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यातले ३ लाख जूनमध्ये लागतील. एका खासगी बँकेचा शेअर शुक्रवारी ४ टक्के वाढून १,४०० वर बंद झाला. चालू महिन्याच्या फ्युचरचा ओपन इंटरेस्ट १८ टक्के घटला, तिथे ॲपवर 'शॉर्ट कव्हरिंग' लिहिलंय. पुढच्या महिन्याचा दुपटीहून जास्त वाढला, तिथे 'लाँग बिल्डअप'. एक्सपायरी मंगळवारी आहे. मोठे लोक पुढच्या महिन्यात खरेदी करतायत असं दिसतं. मीही एक लॉट घेऊ का? लॉट ५०० शेअर्सचा आहे, मार्जिन साधारण दीड लाख.

उत्तर: नमस्कार. लॉट घेऊ नका. तुम्हाला दिसलेली खरेदी या आकड्यांत बहुधा नाहीच, म्हणून आधी आकड्यांकडे बघू.

फ्युचर म्हणजे ठरलेल्या तारखेला, म्हणजे एक्सपायरीला, आज ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचा करार. ओपन इंटरेस्ट, म्हणजे ओआय, ही अजून बंद न झालेल्या अशा करारांची मोजणी आहे. प्रत्येक करारात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. त्यामुळे 'ओआय वाढला म्हणजे खरेदीदार आले' हे वाक्य अर्धंच खरं आहे, कारण तितकेच विकणारेही आले. दोन नवी माणसं समोरासमोर आली तर ओआय वाढतो. जुन्या खरेदीदाराने आपला लॉट नव्याला विकला तर तो जागचा हलत नाही. आधी विकून बसलेला जुना शॉर्टवाला परत घेतोय आणि त्याला आधी घेऊन बसलेला जुना लाँगवालाच विकतोय, तेव्हा तो घटतो. म्हणजे 'शॉर्ट कव्हरिंग' या नावाखाली लाँगवाल्यांची नफावसुलीही असते, फक्त ती नावात दिसत नाही. भाव वर गेला यावरून घाई घेणाऱ्याला जास्त होती एवढंच आपण ताडतो. चारही लेबलं अशीच बनतात: भाव आणि ओआय दोन्ही वर तर लाँग बिल्डअप, भाव वर ओआय खाली तर शॉर्ट कव्हरिंग, भाव खाली ओआय वर तर शॉर्ट बिल्डअप, दोन्ही खाली तर लाँग अनवाइंडिंग. ॲपमधला प्रोग्राम दोन चिन्हं बघतो आणि नाव चिकटवतो. व्यवहार कोणी आणि कशासाठी केला, हे त्याला माहीत नसतं.

आता तुमचा शुक्रवार. समजा, गुरुवारी चालू महिन्याचा ओआय १ कोटी शेअर्स होता आणि पुढच्या महिन्याचा १५ लाख. शुक्रवारी चालू महिना ८२ लाखांवर आला, पुढचा ३४ लाखांवर गेला. वेगवेगळे बघितले तर एकीकडे १८ टक्के घट आणि दुसरीकडे दुपटीहून जास्त वाढ, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. पण बेरीज करा: आधी १ कोटी १५ लाख, नंतर १ कोटी १६ लाख. फरक एक टक्काही नाही. चालू महिन्यातून जे १८ लाख गेले, ते बहुतांशी पुढच्या महिन्यात जाऊन बसले. हा रोलओव्हर आहे, म्हणजे जुना करार बंद करून तोच पुढच्या महिन्यात उघडणं. एक्सपायरीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत तो जवळजवळ प्रत्येक शेअरमध्ये दिसतो, आणि त्या दिवशी भाव वर असेल तर ॲपवर एकाच शेअरला दोन परस्परविरोधी नावं मिळतात.

खरा आकडा काढणं अवघड नाही. एनएसईच्या वेबसाइटवर संध्याकाळी एफ अँड ओची, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शनची, भावकॉपी येते; ती त्या दिवसाच्या भावांची आणि ओआयची फाइल असते. तिच्यात त्या शेअरच्या फ्युचरच्या तिन्ही महिन्यांच्या ओळी शोधा आणि `OpnIntrst` व `ChngInOpnIntrst` या दोन रकान्यांची वेगवेगळी बेरीज करा. फक्त फ्युचरच्या ओळी घ्या, ऑप्शनच्या त्यात मिसळू नका. कॉलचा ओआय वाढला म्हणजे कोणी तेजीने कॉल घेतला की कोणी कॉल विकून प्रीमियम कमावतोय, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. लॉटचा आकार बदलला असेल किंवा बोनस, स्प्लिट झाला असेल तर आदल्या दिवसाशी तुलना करताना ते आधी सरळ करून घ्या. शेअर बॅन पिरियडमध्ये, म्हणजे एक्सचेंजने नव्या पोझिशनवर बंदी घातलेल्या काळात, असेल तर पोझिशन कमीच करायच्या असतात, त्यामुळे तिथे ओआय घटला म्हणून शॉर्टवाले घाबरले असं धरू नका.

बेरीज केल्यावरही वाढ दिसली तर? मग फ्युचर आणि कॅशच्या, म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या, भावातला फरक बघा. माझ्या मते लेबलापेक्षा हा फरक जास्त बोलतो. शेअर १,४०० ला आहे आणि पुढच्या एक्सपायरीला ३२ दिवस आहेत. वर्षाला साडेसहा टक्के व्याज धरलं तर फ्युचर साधारण ८ रुपये वर, १,४०८ च्या आसपास असायला हवं. मध्ये लाभांश येणार असेल तर तेवढं कमी. ओआय वाढतोय आणि फरक ८ वरून ११-१२ वर जातोय, तर जास्त पैसे मोजून लाँग घेणारे आहेत असं म्हणायला जागा आहे. ओआय वाढतोय पण फरक आक्रसून २-३ वर आलाय, तर घाई विकणाऱ्याला आहे. आणि फरक ८ च्या आसपासच असेल तर आर्बिट्राज फंड आठवा. ते कॅशमध्ये शेअर घेतात आणि तेवढंच फ्युचर विकतात. कॅशमधल्या खरेदीने भावाला टेकू मिळतो, फ्युचरच्या विक्रीने ओआय वाढतो, आणि ॲपवर 'लाँग बिल्डअप' दिसतं. शेअर वर जाईल असं त्यांचं मत मात्र अजिबात नसतं, त्यांना फक्त व्याजाएवढा फरक हवा असतो.

आता तुमच्या पैशांबद्दल. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, दीड लाख असलं तरी तुम्ही ७ लाखांच्या शेअरची जोखीम घेता. शेअर ५ टक्के पडला तर ३५ हजार रुपये त्याच दिवशीच्या हिशेबात खात्यातून वळते होतात. निकालानंतर १० टक्क्यांची फट पडली तर ७० हजार. तुमच्याकडे मोकळा पैसा १ लाखच आहे, बाकी फी आहे. म्हणजे मार्जिनचे ५० हजार पहिल्याच दिवशी फीच्या पैशातून जातात. शिवाय शेअरचं फ्युचर एक्सपायरीपर्यंत उघडं राहिलं तर सेटलमेंट डिलिव्हरीने होते, म्हणजे ७ लाखांचे शेअर खरोखर घ्यावे लागतात. तेवढे पैसे तुमच्याकडे नाहीत. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ या वर्षात एफ अँड ओत व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात राहिले. यातल्या बहुतेकांसमोरही ही लेबलं होतीच.

३ लाख जूनच्या आधी मोकळे होतील अशा बँक ठेवीत ठेवा. बँक चांगली वाटत असेल तर उरलेल्या १ लाखातून कॅशमध्ये ५० शेअर घ्या. साधारण ७० हजार लागतील, आणि १० टक्के पडला तरी ७ हजारांचा खड्डा, तोही कोणी त्या दिवशी मागायला येणार नाही. ओआय वाचायला शिकायचंच असेल तर मंगळवार जाऊ द्या. नवी सिरीज सुरू झाली की दोन-तीन आठवडे रोज तिन्ही महिन्यांची बेरीज, भाव आणि कॅशमधला फरक वहीत लिहा, आणि शेजारी ॲपने दिलेलं नाव. लॉट घ्यायचा विचार त्यानंतर आला तरी तो फीच्या पैशातून नको.